गॅप पडल्यावर रेटिनॉइड परत सुरू करताय? आधी हे वाचा, मग ट्यूब उघडा

मी नाशकात गंगापूर रोडला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, बरीच वर्षं झाली आता. दरवर्षी जानेवारी संपता संपता एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. डिसेंबरच्या थंडीत चेहरा सोलून निघाला म्हणून पिंपल्सवरचं रेटिनॉइड, म्हणजे ॲडापॅलीन नाहीतर ट्रेटिनॉइनची ट्यूब, बंद केलेलं असतं, पाच-सहा आठवड्यांत पिंपल्स परत डोकं वर काढतात, मग तीच जुनी ट्यूब काढून पहिल्यासारखी रोज रात्री लावायला सुरुवात होते आणि चौथ्या दिवशी लालबुंद गाल घेऊन मंडळी माझ्यासमोर, "काहीतरी थंड द्या ना". ह्या वर्षी ते गिऱ्हाईक माझी स्वतःची मावसबहीणच निघाली, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू.

आधी एवढं समजून घ्या की सहा आठवड्यांत नेमकं काय बदललं. तुम्ही पहिल्यांदा रेटिनॉइड लावलं होतं तेव्हा पहिले दोन ते सहा आठवडे जी जळजळ, सालं निघणं झालं, ते हळूहळू कमी झालं होतं ना? ते औषध कमजोर पडलं म्हणून नाही, त्वचेला त्याची सवय झाली म्हणून. रेटिनॉइडने पेशी भराभर तयार व्हायला लागतात, वरचा मेलेल्या पेशींचा थर सुरुवातीला विस्कटतो आणि पातळ होतो, त्यातून पाणी उडून जातं, म्हणून ओढल्यासारखं होतं. मग त्वचा त्या वेगाशी जुळवून घेते. औषध बंद केलं की ही जुळणी पण सुटत जाते. म्हणजे ट्यूब तीच, टक्का तोच, पण समोरची त्वचा आता सवय नसलेली. आणि इरिटेशन होऊन बंद केलं असेल तर ती नुसती सवय मोडलेली नाही, आधीच दुखावलेली पण आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात: रेटिनॉइडचं इरिटेशन उशिरा येतं. ग्लायकोलिक-सॅलिसिलिकसारखं ॲसिड लावलं की लगेच चुणचुणतं, तुम्हाला कळतं. रेटिनॉइडचं तसं नाही, पहिल्या रात्री काही नाही, दुसऱ्या रात्री काही नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी तोंडावर नुसतं पाणी मारलं तरी आग. बहिणीचा मला फोन आला तो अस्साच, "ताई, दोन दिवस काहीच झालं नाही गं, म्हणून तिसऱ्या दिवशी पण लावलं." तिला तो त्वचेचा होकार वाटला, पण त्वचेने अजून उत्तरच दिलं नव्हतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच आहे, दोन वेळा लावण्याच्या मधे एवढं अंतर ठेवायचं की पहिल्या वेळचं उत्तर हाती आल्याशिवाय दुसरी वेळ यायलाच नको.

पायरी ० : ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा

हे मी सगळ्यात आधी सांगते कारण काउंटरवर रोज बघते. "माझं ट्रेटिनॉइनचं क्रीम" म्हणून जी ट्यूब पुढे येते ती खूपदा तीन औषधांचं मिश्रण असते, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सोबत स्टेरॉइड. ट्यूबवर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काहीही लिहिलेलं दिसलं तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते क्रीम बंद केल्यावर चेहरा लाल होणं, आग होणं, पुरळ येणं हे स्टेरॉइड सुटल्यामुळे असू शकतं, आणि तेच परत लावलं की दोन दिवसांत छान वाटतं, म्हणून माणूस अडकतो. ती ट्यूब घेऊन सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

प्रेग्नंट असाल, राहायचा विचार चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर स्वतःहून रेटिनॉइड सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. गॅपच त्यासाठी घेतला असेल तर तर नक्कीच.

आणि ट्यूबची तारीख बघा, ती कुठे ठेवली होती ते आठवा. ट्रेटिनॉइन उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, खिडकीतल्या आरशापाशी पडलेली उघडी ट्यूब असेल तर नवी घ्या. ॲडापॅलीन उजेडात बरंच टिकतं, पण तारीख उलटली असेल तर तेही नको.

पायरी १ : आधी सात दिवस काहीच न होणं

परत सुरू करायचा मुहूर्त कॅलेंडरवर नसतो, तो चेहऱ्यावर असतो. साधा फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढ्यावर राहा आणि रोज तीन गोष्टी बघा. तोंड धुतल्यावर काही न लावता दहा मिनिटं थांबलं तर ओढतंय का? मॉइश्चरायझर लावताना नाकाच्या कडेला चुणचुणतंय का? घाम आला की गाल चुरचुरतात का? तिन्हीची उत्तरं सलग सात दिवस "नाही" आली की पुढे जायचं, एका दिवशी जरी "हो" आलं तरी मोजणी परत एकपासून. अजून एक खूण म्हणजे गालावर कोरडी, प्लास्टिकसारखी चमक. लोकांना तो ग्लो वाटतो, पण तो वरचा थर दुखावल्याचा पुरावा असतो.

नाशिकच्या थंडीत ही पायरी लांबते, त्याला दोन कारणं. एक, हवा कोरडी, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत इथे पण ओठ फुटतात तर गाल कसे वाचतील. दुसरं म्हणजे बंबातलं किंवा गीझरचं कडक पाणी. अंगावर घ्या हवं तेवढं, पण तोंडाला कोमटच पाणी, ते सुद्धा सगळ्यात शेवटी. बहीण सिडकोत राहते, सकाळी सातला स्कूटीवरून सातपूरला कंपनीत जाते, डोकं-तोंड गरम पाण्याने एकदमच धुवायची आणि ओल्या चेहऱ्याला स्टोल गुंडाळून निघायची. फक्त कोमट पाणी आणि निघायच्या आधी मॉइश्चरायझर, एवढ्याने चार दिवसांत तिचं ओढणं थांबलं.

स्टोलचं पण सांगून ठेवते. आपल्याकडे सगळ्याच मुली बांधतात, उन्हापासून वाचवतो, चांगलंच आहे. पण सिंथेटिक आणि घट्ट बांधलेला असेल तर जबड्याच्या कडेला आणि नाकाच्या दांड्यावर घासतो, आणि रेटिनॉइड चालू असताना नेमकी तिथेच लाल रेघ उठते. मऊ कॉटनचा घ्या, सैल बांधा, रोजच्या रोज धुवा.

पायरी २ : किती आणि कुठला टक्का

ट्रेटिनॉइन ०.०५ वर होतात तर ०.०२५ ने सुरुवात करा, पण टक्का बदलायचा तर डॉक्टरांना विचारून. ॲडापॅलीन ०.१ वालं असेल तर तेच चालेल, फक्त लावायचे दिवस कमी करायचे.

पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या एका दाण्याएवढं. हा अंदाज जमत नाही लोकांना, म्हणून मी ट्यूबवरून हिशेब सांगते. वाटाण्याएवढं म्हणजे साधारण पाव ग्रॅम, १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी दोन महिने जायला हवी. तुमची मागची ट्यूब तीन आठवड्यांत संपली होती? मग तुम्ही जवळपास तिप्पट लावत होतात, आणि मागचं इरिटेशन कदाचित त्याचंच होतं. जास्त लावल्याने पिंपल लवकर जात नाही, फक्त सालं जास्त निघतात.

पायरी ३ : पहिली रात्र

दुसऱ्या दिवशी लग्न, प्रवास, शेतावर जाणं असलं काही नाही अशी रात्र निवडा. कोमट पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या, घासू नका. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडेला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, कारण औषध घरंगळत तिथल्या घड्यांमधेच साठतं आणि पहिली आग तिथेच होते. मग सगळ्या चेहऱ्याला मॉइश्चरायझर, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेवर रेटिनॉइड जास्त बोचू शकतं म्हणून हे थांबणं, तोवर पोळ्या होतात की.

त्यानंतर त्या दाण्याचे पाच ठिपके, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी, आणि हलक्या हाताने पसरवा. पिंपलवर जास्तीचा थेंब नाही, हे औषध डाग बघून लावायचं नसतं, सगळीकडे सारखं लावायचं असतं. वरून अजून एक पातळ थर मॉइश्चरायझरचा. औषध दोन थरांच्या मधे गेलं की थोडं मवाळ होतं, सुरुवातीला तेच हवंय आपल्याला.

मागच्या वेळी फारच झालं असेल तर अजून एक सोय आहे. पहिल्या दोन आठवड्यांत लावून फक्त अर्धा तास ठेवा आणि धुवून टाका, वरून मॉइश्चरायझर. मग हळूहळू एक तास, दोन तास, मग रात्रभर. मी बहिणीला हेच करायला लावलं, कारण तिने मधल्या त्या तीन रात्रींच्या उत्साहात गाल नव्याने भाजून घेतले होते.

सकाळी घासून सालं काढायची नाहीत. बेसन-हळद, लिंबू, स्क्रब, काही नाही. घरी कुणाची हळद असेल तर हळदीच्या आधी चार-पाच रात्री औषध थांबवा, नाहीतर करवल्या चेहऱ्याला हळद चोळतात आणि फोटोत तुम्ही लाल.

पायरी ४ : दिवस कसे वाढवायचे

गॅप दोन आठवड्यांच्या आत असेल आणि त्वचा शांत असेल तर एक रात्र आड लावायला लागा, पंधरा दिवस बघा आणि मग जुन्या क्रमावर या. तीन ते आठ आठवड्यांचा गॅप असेल, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांचा, तर पहिले दोन आठवडे आठवड्यातून फक्त दोनच रात्री, समजा सोमवार आणि गुरुवार. मधले दोन-तीन दिवस रिकामे दिसतात पण ते रिकामे नाहीत, तेव्हाच सोमवारचं उत्तर येतं. दोन आठवडे नीट गेले तर पुढचे दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र आड. गॅप तीन महिन्यांच्या वर असेल तर तुम्ही नवीन आहात असंच धरा, प्रत्येक टप्प्याला तीन-तीन आठवडे द्या.

एकदम दोन पायऱ्या चढायच्या नाहीत. रात्री वाढवल्या त्या आठवड्यात टक्का वाढवायचा नाही, नवा फेसवॉश नाही, नवं सीरम नाही. नाहीतर आग झाली तर कशाने झाली ते कुणीच सांगू शकणार नाही, मी पण नाही.

रोजच लावलं पाहिजे असंही नाही. कित्येकांना एक रात्र आडवरच पिंपल्स आटोक्यात राहतात आणि चेहरा पण सुखात राहतो. फरक दिसायला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात, तिसऱ्या आठवड्यात "काहीच होत नाहीये" म्हणून वाढवू नका.

पायरी ५ : काय झालं तर काय करायचं

लावल्यावर दोन-चार मिनिटं हलकी चुणचुण आणि सकाळी सगळं नॉर्मल, तर चालू द्या. आग नाही पण नाकाच्या कडेला, हनुवटीवर बारीक सालं निघतायत, तर एक पाळी सोडा, मॉइश्चरायझर वाढवा आणि त्याच टप्प्यावर एक आठवडा जास्त थांबा. पण सकाळी उठल्यावर लाली आहे आणि दुपारपर्यंत उतरत नाही, किंवा नुसत्या पाण्याने झोंबतंय, तर औषध बंद. झोंबणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, वर अजून तीन दिवस, आणि मग एक टप्पा खाली येऊन सुरू करा, जिथे सोडलं तिथून नाही.

डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, पाणी सुटणारे फोड आले, खूप खाज आली तर हे सवय मोडल्याचं इरिटेशन नाही, ॲलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

लोक विचारतात, पिंपल्स वाढले, हे औषधाने आतलं बाहेर येतंय की इरिटेशन आहे? मी जागा विचारते. तुम्हाला नेहमी हनुवटीवर यायचे आणि आता पण तिथेच, एकेक करून येतायत, तर थोडी कळ काढा. पण जिथे कधीच यायचे नाहीत तिथे, गालभर, एकसारखे बारीक खडबडीत पुरळ आणि खाज किंवा आग सोबत, तर ते इरिटेशन, रात्री कमी करा.

बहिणीचं सगळं कसं झालं ते सांगते, म्हणजे वरचं नीट कळेल. जुलैपासून ॲडापॅलीन ०.१ चालू होतं, एक रात्र आड, मस्त. डिसेंबरात थंडी पडली, त्यात तिने १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम पण त्याच आठवड्यात सुरू केलं, डाग जातात म्हणून. दहा दिवसांत गाल लाल, नाक सोललेलं, डिसेंबरच्या मध्यावर सगळं बंद. जानेवारीच्या शेवटी हनुवटीवर पिंपल्स आले, मग त्या सलग तीन रात्री, आणि मला फोन. सात दिवस कोरे मिळवायलाच तिला बारा दिवस लागले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवार-गुरुवार, अर्धा तास ठेवून धुणं. दुसऱ्या आठवड्यात एक तास. तिसऱ्या आठवड्यापासून दर तिसऱ्या रात्री, रात्रभर ठेवून, दोन थरांच्या मधे. हनुवटीवर थोडी सालं, आग नाही.

चौथ्या आठवड्यात गडबड झाली आणि ती मी सांगायची राहिले होते. तिने मंगळवारी औषध लावलं आणि गुरुवारी पार्लरमधे अप्पर लिपचं वॅक्सिंग केलं. वॅक्सबरोबर कातडीचा वरचा पापुद्राच निघाला, ओठावर ओलसर लाल पट्टा, पुढे तिथे तपकिरी डाग पडला, तो जायला जवळपास दोन महिने लागले. रेटिनॉइड चालू असताना त्या जागेवर वॅक्स करायचंच नाही, करायचंच असेल तर निदान सात दिवस आधी औषध थांबवा आणि नंतर त्वचा शांत झाल्यावरच परत लावा. थ्रेडिंग त्यातल्या त्यात बरं, पण दोन-तीन रात्रींचं अंतर तिथेही ठेवा. ब्लीच नकोच. आम्ही सगळं थांबवलं, कातडी पूर्ण बंद झाल्यावर आठवड्यातून दोनदावर परत आलो, आणि मार्च संपताना ती एक रात्र आडवर पोचली.

पायरी ६ : ॲसिड कधी

रेटिनॉइड आणि ॲसिड दोन्ही थांबलेलं असेल तर दोन्ही एकदम परत आणू नका, हीच तर तिची डिसेंबरची चूक होती. ज्याची खरी गरज आहे ते आधी. पिंपल्स असतील तर रेटिनॉइड, आणि ते ठरलेल्या रात्रींवर सलग चार आठवडे शांत चाललं की मग ॲसिड, आठवड्यातून एक रात्र, रेटिनॉइड नसेल त्या रात्री. जुन्या १० टक्के ग्लायकोलिकवर उडी मारू नका, लॅक्टिक ५ टक्के किंवा मँडेलिक घ्या, ते जरा सौम्य पडतात. तेलकट त्वचा आणि ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक २ टक्के. तुमचं फक्त ॲसिडच होतं, रेटिनॉइड नव्हतंच, तरी सात कोरे दिवस लागूच, सुरुवात आठवड्यातून एका रात्रीने आणि पंधरा दिवसांनी दुसरी रात्र. फेसवॉशमधे पण सॅलिसिलिक असतं हे लक्षात ठेवा, बऱ्याच जणी ते मोजतच नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर ते ट्रेटिनॉइनसोबत एकाच वेळी लावू नका, त्याने ट्रेटिनॉइन खराब होऊ शकतं.

ग्लायकोलिक-लॅक्टिकसारख्या ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि बंद केल्यावर साधारण आठवडाभर तशीच राहते. त्यामुळे सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, दोन बोटांवर भरून दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून, ढग असले तरी. दुपारी बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत.

बहिणीचं एप्रिलमधे चार आठवडे शांत पूर्ण झाले होते, नियमाने ॲसिड सुरू करता आलं असतं. पण तिची शिफ्ट सुटते तीनला, आणि एप्रिल-मेच्या त्या उन्हात सातपूर ते सिडको स्कूटीवर, घामाने सनस्क्रीन अर्ध्या रस्त्यात वाहून जातं. म्हणून आम्ही ठरवलं पाऊस पडू दे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लॅक्टिक ५ टक्के, फक्त रविवारी रात्री, रविवारी सुट्टी असते आणि ॲडापॅलीनची पाळी ती सोमवार-बुधवार-शुक्रवारची ठेवते. डिसेंबर आला की ॲसिड पूर्ण बंद आणि ॲडापॅलीन आठवड्यातून दोनदा, असं तिने आत्ताच मोबाइलच्या कॅलेंडरमधे टाकून ठेवलंय.